सौम्य पोलादाची ताणचाचणी: निकालांची चर्चा

या प्रयोगात १६ मिमी व्यासाच्या साध्या गोल सळईपासून लेथवर तयार केलेले सौम्य पोलादाचे दोन नमुने ४०० किलोन्यूटन क्षमतेच्या युनिव्हर्सल टेस्टिंग मशीनवर तुटेपर्यंत ताणले. पहिल्या नमुन्याचा सरासरी व्यास ११.९६ मिमी (छेदक्षेत्र ११२.३४ चौ. मिमी) आणि दुसऱ्याचा १२.०२ मिमी (छेदक्षेत्र ११३.४७ चौ. मिमी) होता, दोन्हींची गेज लांबी ६० मिमी ठेवली होती. निकालांची तुलना प्रयोगपुस्तिकेत दिलेल्या अपेक्षित किमतींशी केली आहे. त्या किमती अशा: यील्ड प्रतिबल २५० मेगापास्कल, कमाल ताणसामर्थ्य ४१० मेगापास्कल, लांबीतील वाढ २३ टक्के आणि यंगचा स्थितिस्थापकता गुणांक २०० गिगापास्कल. पहिल्या नमुन्यासाठी आम्हाला अनुक्रमे २८६.६ मेगापास्कल (लोअर यील्ड), ४४८.६ मेगापास्कल, २९.० टक्के आणि १७८ गिगापास्कल या किमती मिळाल्या. म्हणजे पहिल्या तीन किमती अपेक्षेपेक्षा जास्त आणि चौथी कमी आली.

हे चारही फरक एकाच जातीचे नाहीत. प्रयोगपुस्तिकेतील पहिले तीन आकडे आयएस २०६२ मधील ई २५० या प्रतीच्या पोलादासाठी ठरवलेल्या किमान मर्यादा आहेत. पोलाद त्या मर्यादेच्या वर असलेच पाहिजे, एवढेच मानक सांगते. किती वर असावे याचा अंदाज ते देत नाही. प्रत्येक सळई किमान मर्यादेत बसावी म्हणून कारखाना आपली सरासरी त्या मर्यादेच्या बऱ्यापैकी वर राखतो. त्यामुळे १४.६ टक्के जास्त आलेले यील्ड प्रतिबल आणि ९.४ टक्के जास्त आलेले ताणसामर्थ्य यांना ‘चूक’ म्हणणे योग्य होणार नाही. स्थितिस्थापकता गुणांकाचे मात्र तसे नाही. तो पोलादाचा जवळजवळ स्थिर गुणधर्म असून प्रतीनुसार फारसा बदलत नाही, म्हणून तेथे आलेल्या ११ टक्के तफावतीचे कारण मापनातच शोधावे लागते.

तरीही यील्ड प्रतिबलातील वाढ खरोखर पोलादातूनच आली की मापनातून, हे तपासणे आवश्यक होते. व्हर्नियरचे लघुत्तम माप ०.०२ मिमी आहे, म्हणून व्यासातील त्रुटी सुमारे ०.१७ टक्के आणि छेदक्षेत्रातील त्रुटी सुमारे ०.३३ टक्के होते. प्रतिबलावर तिचा परिणाम जेमतेम १ मेगापास्कलचा आहे. भार मोजण्यासाठी १०० किलोन्यूटनची श्रेणी वापरली असून त्या डायलवरील एक भाग ०.२ किलोन्यूटनचा आहे, म्हणजे लोअर यील्डच्या वाचनात १.८ मेगापास्कलपर्यंत फरक पडू शकतो. या दोन्ही त्रुटी एकत्र धरल्या तरी ३६.६ मेगापास्कलचा फरक त्यांनी भरून निघत नाही. भार देण्याच्या वेगाचाही विचार केला. ८ ते २४ किलोन्यूटन हा टप्पा १४ सेकंदांत पार झाला, म्हणजे प्रतिबल दर सेकंदाला सुमारे १० मेगापास्कलने वाढत होते, आणि आयएस १६०८ नुसार पोलादासाठी हा दर ६ ते ६० मेगापास्कलच्या दरम्यान चालतो. यील्ड सुरू झाल्यावर आम्ही झडप तशीच ठेवली, त्यामुळे विकृतीचा दर स्थितिस्थापक टप्प्यातील दराच्या कितीतरी पट वाढला असणार. सौम्य पोलादाचे यील्ड प्रतिबल विकृतीच्या दरासोबत वाढते, म्हणून काही टक्क्यांची वाढ या कारणाकडे लावता येईल, पण सगळी नाही.

भक्कम पुरावा मागच्या आठवड्याच्या प्रयोगातून मिळतो. त्याच सळईच्या तुकड्यावर ब्रिनेल कठिणता १२८ आली होती. सौम्य पोलादासाठी कठिणतेला सुमारे ३.४५ ने गुणले असता ताणसामर्थ्याचा अंदाज मिळतो. तो येथे ४४२ मेगापास्कल येतो. ताणचाचणीतील ४४८.६ आणि हा अंदाज यांत दीड टक्क्याचा फरक आहे. वेगळ्या यंत्रावर, वेगळ्या पद्धतीने केलेले मापन त्याच आकड्याजवळ येत असल्याने हे पोलाद किमान मर्यादेपेक्षा खरोखरच मजबूत आहे, असे आम्ही मानतो. सळई थंड अवस्थेत ओढून कठीण केलेली असेल, ही शक्यता नाकारावी लागते. तशा सळईत यील्ड बिंदू इतका ठळक दिसला नसता आणि लांबीतील वाढही बरीच कमी भरली असती. उलट आमच्या दोन्ही नमुन्यांत डायलचा काटा एकदम खाली आला, आणि पॉलिश केलेल्या पृष्ठभागावर अक्षाशी साधारण ४५ अंशांत फिकट पट्टे उमटून हळूहळू नमुन्याच्या लांबीवर पसरत गेलेले दिसले. कार्बन व नायट्रोजनच्या अणूंनी जखडून ठेवलेल्या डिस्लोकेशन एकदम सुटल्यावर असे पट्टे उमटतात.

अप्पर यील्डविषयी स्वतंत्र नोंद आवश्यक आहे. पहिल्या नमुन्यात अप्पर यील्ड ३०८.० मेगापास्कल, तर दुसऱ्यात २९४.३ मेगापास्कल आले, म्हणजे १३.७ मेगापास्कलचा फरक. त्याच दोन नमुन्यांचे लोअर यील्ड २८६.६ व २८७.३, तसेच ताणसामर्थ्य ४४८.६ व ४४७.७ मेगापास्कल आले. एकाच सळईचे दोन तुकडे एका गुणधर्मात इतके जुळत असताना दुसऱ्यात इतके वेगळे असतील, असे मानणे कठीण आहे. दुसरा नमुना जबड्यांत किंचित तिरका बसल्याचे भार देताना लक्षात आले होते. अशा वेळी ताणासोबत थोडे वाकवणारे प्रतिबलही येते, एका बाजूचा पृष्ठभाग आधी यील्ड होतो आणि शिखर पुरेसे वर जाण्याआधीच ढासळते. म्हणून अप्पर यील्डचा आकडा आम्ही नोंदवला असला तरी निष्कर्षासाठी वापरलेला नाही. लोअर यील्ड वाचताना काटा प्रथम ३१.४ किलोन्यूटनपर्यंत उतरला व नंतर ३२.२ च्या आसपास स्थिरावला. पहिली घसरण यंत्रातील पेंड्युलमच्या जडत्वाची असल्याने मानकाप्रमाणे ती वगळून ३२.२ हेच वाचन घेतले.

आता स्थितिस्थापकता गुणांकाकडे वळतो, कारण या अहवालातील खरी अडचण तेथेच आहे. क्रॉसहेडच्या सरकण्यावरून गुणांक काढून पाहिला तेव्हा ११.५ गिगापास्कल एवढी अशक्य किंमत आली. ८ ते २४ किलोन्यूटनच्या टप्प्यात क्रॉसहेड ०.७४ मिमी सरकले, पण २०० गिगापास्कलच्या पोलादाची ६० मिमी लांबी तेवढ्या भाराने केवळ ०.०४३ मिमी वाढते. बाकीचे सरकणे जबड्यांचे दात नमुन्यात रुतणे, जोडांतील ढिलाई आणि यंत्राच्या स्तंभांचा ताण यांतून आले. क्रॉसहेडच्या मापनात नमुन्याचा वाटा सहा टक्क्यांच्या आसपासच असल्याने ते या कामासाठी पूर्ण निरुपयोगी ठरते.

एक्स्टेन्सोमीटरची गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. त्याची गेज लांबी ५० मिमी आणि लघुत्तम माप ०.०१ मिमी आहे. ८ किलोन्यूटनला डायल शून्यावर आणून पुढे १२, १६, २० व २४ किलोन्यूटनला वाचने घेतली, ती ०.०१, ०.०२, ०.०३ व ०.०४ मिमी आली. बिंदू अगदी सरळ रेषेत पडल्यामुळे सुरुवातीला आम्हाला ही वाचने उत्तम वाटली, आणि रेषेच्या चढावरून १७८ गिगापास्कल ही किंमत निघाली. परंतु गुणांक नेमका २०० गिगापास्कल असता तर वाढ किती झाली असती, हे काढून पाहिले तेव्हा ०.००८९, ०.०१७८, ०.०२६७ व ०.०३५६ मिमी असे आकडे मिळाले. लघुत्तम मापाच्या जवळच्या भागाला पूर्णांकित केल्यास ते ०.०१, ०.०२, ०.०३ व ०.०४ च होतात. म्हणजे २०० गिगापास्कलच्या आदर्श नमुन्यानेही आमच्या डायलवर हीच चार वाचने दाखवली असती. शेवटच्या वाचनात अर्ध्या भागाची अनिश्चितता धरली तर गुणांक १५८ ते २०३ गिगापास्कलच्या दरम्यान कोठेही असू शकतो. अपेक्षित किंमत या पट्ट्यात बसते, म्हणून ११ टक्क्यांच्या तफावतीला भौतिक अर्थ नाही. उपकरणाला तो फरक दिसतच नव्हता.

येथे आमच्या नियोजनाचीही चूक झाली. ४ किलोन्यूटनच्या अंतराने होणारी वाढ डायलच्या एका भागाच्या अगदी जवळ असल्याने प्रत्येक वाचन एकाच दिशेने पूर्णांकित झाले, आणि वाचने वाढवूनही ही त्रुटी सरासरीत विरून गेली नसती. अंतर ३ किलोन्यूटनचे ठेवले असते तर काही वाचने वरच्या व काही खालच्या भागाकडे गेली असती आणि रेषा खऱ्या चढाच्या अधिक जवळ आली असती. बिंदू एका रेषेत आले म्हणून मापन अचूक ठरत नाही, हे आम्हाला आकडे मांडून पाहिल्यावरच दिसले.

लांबीतील वाढीच्या बाबतीत दोष नमुना तयार करण्यात होता. पहिला नमुना मध्यभागी न तुटता एका टोकाच्या गेज खुणेपासून सुमारे १५ मिमीवर तुटला. त्या टोकाकडील व्यास ११.९२ मिमी आणि दुसऱ्या टोकाकडील १२.०० मिमी होता, म्हणजे लेथवर किंचित निमुळतेपणा राहिला होता व मान बारीक बाजूला पडली. तुटीची जागा खुणेपासून गेज लांबीच्या एक तृतीयांशापेक्षा, म्हणजे २० मिमीपेक्षा जवळ असल्याने मानेजवळच्या वाढीचा काही भाग खुणेबाहेर राहतो. मिळालेली वाढ किमान मर्यादेपेक्षा जास्त असल्याने मानकाच्या दृष्टीने चाचणी ग्राह्य आहे, पण गुणधर्माचा आकडा म्हणून २९.० टक्के थोडा कमीच धरावा लागतो. आम्ही दर ५ मिमीवर खुणा केल्या होत्या, त्यामुळे दुरुस्ती शक्य झाली. तुटीच्या दोन्ही बाजूंना सममित असलेल्या चार भागांची लांबी ३०.० मिमी आणि लांब तुकड्यावरील पुढच्या चार भागांची २३.९ मिमी भरली. दुसरे माप दुप्पट करून पहिल्यात मिळवले आणि मूळ ६० मिमी वजा केले असता वाढ १७.८ मिमी, म्हणजे २९.७ टक्के येते. मध्यभागी तुटलेल्या दुसऱ्या नमुन्याची वाढ कोणत्याही दुरुस्तीशिवाय २९.८ टक्के होती, म्हणून ही दुरुस्ती आम्हाला विश्वासार्ह वाटते. निमुळतेपणाचा प्रतिबलांवरील परिणाम मात्र लहान आहे: किमान व्यास धरला तरी ताणसामर्थ्य ४५१.६ मेगापास्कल, म्हणजे ०.७ टक्क्यांनीच जास्त येते.

तुटण्याच्या क्षणी भार ३६.८ किलोन्यूटन होता. मूळ छेदक्षेत्रावर काढलेले प्रतिबल ३२७.६ मेगापास्कल, म्हणजे कमाल मूल्यापेक्षा कमी दिसते, ते केवळ मानेचे क्षेत्र विचारात न घेतल्यामुळे. मानेचा व्यास ७.२० मिमी, म्हणजे छेदक्षेत्रातील घट ६३.८ टक्के भरली, आणि त्या क्षेत्रावरील सरासरी प्रतिबल सुमारे ९०४ मेगापास्कल येते. मानेत प्रतिबल त्रिमितीय होत असल्याने हा आकडा पोलादाच्या खऱ्या प्रवाह-प्रतिबलापेक्षा काहीसा मोठा आहे. शिवाय तुटताना काटा वेगाने खाली येत असल्याने ३६.८ हे वाचन स्वतःच इतर वाचनांपेक्षा कमी भरवशाचे आहे. तुटीचा पृष्ठभाग दोन्ही नमुन्यांत वाटी आणि शंकूच्या आकाराचा, मध्ये राखाडी व तंतुमय आणि कडेला तिरके ओठ असलेला होता.