शाळेच्या व्हिडिओत पाल्याला दाखवण्यासाठी पालकांची लेखी संमती मिळण्याबाबत

प्रति,
इयत्ता पाचवी आणि सहावीच्या विद्यार्थ्यांचे सर्व पालक

सस्नेह नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात पाचवी आणि सहावीच्या मुलांनी शाळेच्या गच्चीवर पर्जन्यमापक ठेवून रोजच्या पावसाची नोंद केली, हे आपण घरी ऐकले असेलच. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, एवढ्या एका सूत्रावरून गच्चीवर पडून वाहून जाणाऱ्या पाण्याचा हिशेब त्यांनी स्वतः मांडला. आपली गच्ची ३५० चौरस मीटरची असल्याने २० मिलिमीटर पावसाच्या एका दिवसात तिच्यावर ७,००० लिटर पाणी पडते, हे गणित मुलांनी फळ्यावर सोडवले तेव्हा वर्गात बराच वेळ वाद चालला होता. या उपक्रमावर साधारण सात मिनिटांचा व्हिडिओ तयार करून तो शाळेच्या यूट्यूब चॅनलवर ठेवावा, असा आमचा विचार आहे. त्यात आपल्या पाल्याचा चेहरा किंवा आवाज यावा की नाही, हे ठरवण्याचा अधिकार आपला आणि आपल्या पाल्याचा आहे. म्हणून चित्रीकरण सुरू करण्यापूर्वी आपली लेखी संमती मागण्यासाठी हे पत्र लिहीत आहोत.

प्रवेशाच्या वेळी भरलेल्या अर्जात छायाचित्रांविषयी एक सर्वसाधारण वाक्य होते आणि आपल्यापैकी अनेकांनी त्याखाली सही केलेली आहे. त्या सहीचा आधार आम्ही या व्हिडिओसाठी घेणार नाही. अनेक पानांच्या अर्जातील एका ओळीवर, पुढे काय चित्रित होणार हे ठाऊक नसताना केलेली सही ही या कामाला दिलेली संमती आहे, असे म्हणणे आम्हांला योग्य वाटत नाही. त्यामुळे नेमके काय दिसेल, कोणाला दिसेल आणि किती काळ दिसेल, ते पुढे सविस्तर सांगत आहोत.

व्हिडिओत मुले पर्जन्यमापकातील पाण्याची उंची मोजताना, नोंदवहीत आकडे लिहिताना आणि आलेख समजावून सांगताना दिसतील. काही जण थेट कॅमेऱ्याकडे पाहून दोन-तीन वाक्ये बोलतील, तर काही मागच्या बाजूला काम करताना दिसतील. मागे दिसणाऱ्या मुलांसाठीही संमती तितकीच आवश्यक आहे, कारण घाईघाईने केलेल्या चित्रीकरणात सर्वाधिक दुर्लक्ष त्यांच्याकडेच होते. कोणत्याही मुलाचे नाव, आडनाव, हजेरी क्रमांक किंवा राहण्याचे ठिकाण बोलण्यात, अक्षरांत किंवा व्हिडिओखालील मजकुरात येणार नाही. चित्रीकरणाच्या वेळी गळ्यातील ओळखपत्रे काढून ठेवली जातील. वह्यांवरील नावांच्या चिठ्ठ्या झाकल्या जातील आणि वर्गातील वाढदिवसांचा तक्ता तेवढ्या वेळेपुरता भिंतीवरून उतरवला जाईल. असा तक्ता निरुपद्रवी वाटतो खरा. पण चेहरा, शाळा आणि जन्मतारीख या तिन्ही गोष्टी एकाच चौकटीत एकत्र आल्या, तर अनोळखी व्यक्तीला मुलाची ओळख पटवायला आणखी फारसे काही लागत नाही.

चित्रीकरण दोन शिक्षिका शाळेच्या टॅबलेटवर करतील. कोणाचाही वैयक्तिक मोबाइल वापरला जाणार नाही. अंतिम व्हिडिओ तयार झाल्यावर मूळ चित्रीकरण शाळेच्या कार्यालयातील संगणकावर ३० दिवस ठेवले जाईल आणि त्यानंतर प्रतींसह पुसून टाकले जाईल. थेट प्रक्षेपण केले जाणार नाही, कारण त्यात चुकून दिसलेले काही मागे घेता येत नाही.

पूर्ण झालेला व्हिडिओ सर्वप्रथम आपण पाहावा, अशी आमची इच्छा आहे. त्यासाठी पहिले आठ दिवस तो केवळ दुवा असलेल्यांनाच उघडता येईल अशा स्वरूपात ठेवून त्याचा दुवा पालकांना पाठवला जाईल. ही व्यवस्था कुलूपबंद नाही, हे मात्र ध्यानात असू द्यावे: असा व्हिडिओ शोधात सापडत नाही, पण दुवा ज्याच्या हाती पडेल त्या प्रत्येकाला तो पाहता येतो. म्हणून तो दुवा कृपया पुढे पाठवू नये. या आठ दिवसांत कोणाचीही हरकत आली नाही, तर व्हिडिओ सर्वांसाठी खुला केला जाईल. त्यानंतर तो जगात कोणालाही, शाळेशी काहीही संबंध नसलेल्या माणसालाही, पाहता येईल. व्हिडिओ मुलांसाठी असल्याची नोंद यूट्यूबवर केली जाणार असल्यामुळे त्याखाली कोणालाही प्रतिक्रिया लिहिता येणार नाही आणि पाहणाऱ्याच्या आवडीनिवडीचा माग काढून निवडलेल्या जाहिरातीही त्यावर दाखवल्या जाणार नाहीत. चालू शैक्षणिक वर्ष संपल्यावर आम्ही व्हिडिओ चॅनलवरून काढून टाकू.

आता जे आमच्या हातात नाही, तेही सांगणे आवश्यक आहे, कारण संमती देताना ते आपल्याला आधी माहीत असले पाहिजे. खुला असलेला व्हिडिओ कोणीही उतरवून घेऊ शकतो, पडद्यावरून पुन्हा चित्रित करू शकतो, त्यातील एखादी चौकट कापून भलत्याच मजकुरासोबत पसरवू शकतो. आम्ही आमच्या चॅनलवरून व्हिडिओ काढला, तरी अशा प्रती परत मिळवण्याचा कोणताही मार्ग शाळेकडे नाही. असे काही आढळल्यास ज्या संकेतस्थळावर ते दिसेल तेथे आम्ही तक्रार करू आणि आपल्याला त्याच दिवशी कळवू. त्यापलीकडचे आश्वासन देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. चेहरा धूसर करणे हाही पूर्ण उपाय नाही. ओळखीच्या माणसाला आवाज, चालण्याची ढब किंवा सोबतच्या मैत्रिणी यांवरूनही मूल ओळखू येते. ज्यांना ओळख अजिबात नको आहे, त्यांच्या पाल्यांना चौकटीबाहेर ठेवणे हाच आम्हांला खात्रीचा मार्ग वाटतो आणि आम्ही तोच अवलंबू.

नकार दिल्यास पाल्याचे काही नुकसान होईल का, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. उपक्रमाचे गुण नोंदवही आणि आलेख यांवरून आधीच दिलेले आहेत. व्हिडिओशी त्यांचा काहीही संबंध नाही. कॅमेऱ्यासमोर न येणाऱ्या मुलांना बाजूला बसवून ठेवले जाणार नाही. आलेखांची चित्रे काढणे, निवेदन लिहिणे, शिक्षिकांसोबत कॅमेरा सांभाळणे, संपादनाच्या वेळी शिक्षिकांशेजारी बसून दृश्यांचा क्रम ठरवणे ही कामे तितकीच महत्त्वाची आहेत आणि ती सर्वांमध्ये वाटली जातील, म्हणजे अमुक मूल पडद्यामागे का आहे, याचा तर्क कोणालाही करता येणार नाही. नकाराचे कारण आम्ही विचारणार नाही. काही कुटुंबांत मुलाचा ठावठिकाणा विशिष्ट व्यक्तीला कळू न देण्याची गरज असते, किंवा दोन्ही पालकांमध्ये याबाबत एकमत नसते. दोघांपैकी एकाचाही नकार असल्यास आम्ही तो नकारच धरू. मुलाच्या ताब्याविषयी न्यायालयाचा काही आदेश असेल, तर त्याचा तपशील डायरीत न लिहिता मुख्याध्यापिकांना प्रत्यक्ष भेटून सांगावा.

आपण होकार देण्यापूर्वी पाल्याशी बोलावे, ही आमची आग्रहाची विनंती आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेत, मुलाशी संबंधित बाबींमध्ये त्याचे मत वय आणि समज पाहून विचारात घेतले जावे, असे १२ व्या कलमात म्हटले आहे आणि १६ व्या कलमात मुलाच्या खासगीपणाला संरक्षण दिले आहे. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला आपण कोणासमोर आणि कसे दिसावे याविषयी स्पष्ट मत असते. अनेकदा ते आपल्या अपेक्षेपेक्षा निराळे असते. म्हणून पालकांचा होकार असला तरी चित्रीकरणाच्या दिवशी वर्गशिक्षिका प्रत्येक मुलाला एकांतात विचारतील आणि मूल नाही म्हणाले, तर त्याचे चित्रीकरण होणार नाही. उलट, मुलाला हौस आहे पण पालकांची संमती नाही, अशा वेळी पालकांचा नकार ग्राह्य धरला जाईल.

दिलेली संमती कधीही मागे घेता येईल. त्यासाठी वर्गशिक्षिकांना चिठ्ठी पाठवणे पुरेसे आहे. यूट्यूबवर एकदा चढवलेल्या व्हिडिओची फाइल त्याच दुव्यावर बदलता येत नाही. त्यामुळे आपली चिठ्ठी मिळताच त्याच दिवशी संपूर्ण व्हिडिओ खासगी केला जाईल, आपल्या पाल्याचा भाग वगळला जाईल आणि नवा व्हिडिओ नव्या दुव्यावर ठेवला जाईल. यात इतरांची गैरसोय होईल असे वाटून कोणी संकोच करू नये.

ही संमती या एका व्हिडिओपुरतीच आहे. प्रवेशाची जाहिरात, वर्तमानपत्र, फलक, स्पर्धा किंवा अन्य संस्थेचे संकेतस्थळ यांपैकी कशासाठीही हे चित्रीकरण वापरायचे झाल्यास आम्ही आपल्याकडे पुन्हा येऊ. आपणही व्हिडिओतील इतर मुलांची दृश्ये कापून व्हॉट्सॲप स्टेटसवर किंवा समाजमाध्यमांवर ठेवू नयेत, कारण त्या मुलांच्या पालकांनी संमती शाळेला दिलेली आहे, आपल्याला नव्हे.

कृपया पाल्याच्या शाळेच्या डायरीत आज हे पत्र ज्या पानावर चिकटवले आहे, त्याच्या समोरच्या पानावर पुढील तीनपैकी एक वाक्य स्वतःच्या हाताने लिहावे, त्याखाली आपले व पाल्याचे नाव आणि दिनांक घालून सही करावी. पाल्याने स्वतःच्या अक्षरांत आपले नाव लिहिल्यास आनंद वाटेल.

“वरील पत्र मी वाचले असून, पर्जन्यमापन उपक्रमाच्या व्हिडिओत माझ्या पाल्याचा चेहरा आणि आवाज दाखवण्यास माझी संमती आहे.”

“वरील पत्र मी वाचले असून, व्हिडिओत माझ्या पाल्याचा चेहरा दिसू नये, मात्र त्याचा आवाज, हात किंवा त्याने केलेले काम दाखवण्यास माझी संमती आहे.”

“वरील पत्र मी वाचले असून, व्हिडिओत माझ्या पाल्याला कोणत्याही स्वरूपात दाखवण्यास माझी संमती नाही.”

डायरी येत्या शुक्रवारी शाळा सुटण्यापूर्वी वर्गशिक्षिकांकडे पोहोचावी. या बाबतीत मौन म्हणजे संमती असे आम्ही मानणार नाही. शुक्रवारपर्यंत उत्तर न आल्यास तिसरे वाक्य लिहिले आहे असे समजून आपल्या पाल्याला चित्रीकरणातून वगळले जाईल. काही विचारायचे असल्यास, किंवा हे पत्र कोणी वाचून समजावून सांगावे असे वाटत असल्यास, बुधवारी दुपारी ४ ते ५ या वेळेत दोन्ही वर्गांच्या शिक्षिका आपापल्या वर्गात आपल्याला भेटतील. चित्रीकरण त्यापुढच्या मंगळवारी सकाळच्या सत्रात होईल.

आपल्या विश्वासू,
मुख्याध्यापिका
आणि वर्गशिक्षिका, इयत्ता पाचवी व सहावी