पालकांसाठी सूचना: दुसऱ्या सत्राची फी, सुट्ट्या आणि गणवेश

शनिवार, २७ सप्टेंबर २०२५

सर्व पालकांना नमस्कार.

मुलांच्या दप्तरातून आज इंग्रजी सर्क्युलर घरी आलं आहे. त्यातलं सगळं इथे मराठीत दिलं आहे. हा कागद वाचला तरी पुरेल, इंग्रजी कागद कोणाकडून वाचून घ्यायची गरज नाही.

फी

दुसऱ्या सत्राची फी भरण्याची शेवटची तारीख सोमवार, १० नोव्हेंबर आहे. पहिली ते चौथी ८,४०० रुपये, पाचवी ते सातवी ९,६०० रुपये, आठवी ते दहावी १०,८०० रुपये. बसचे पैसे यात धरलेले नाहीत, ते नेहमीप्रमाणे महिन्याच्या महिन्याला बसवाल्या काकांकडे द्यायचे.

दिवाळीच्या खर्चानंतर एकदम एवढी रक्कम काढणं सगळ्यांना जमत नाही, हे ऑफिसला माहीत आहे. ज्यांना हवं त्यांनी अर्धी फी १० नोव्हेंबरपर्यंत आणि उरलेली अर्धी बुधवार, १० डिसेंबरपर्यंत भरावी. मात्र त्यासाठी १० नोव्हेंबरच्या आत ऑफिसमध्ये साधा अर्ज द्यावा लागेल. मराठीत, वहीच्या कागदावर लिहिला तरी चालेल. अर्ज न देता तारीख चुकली तर १०० रुपये जादा घेतले जातील. ते एकदाच, रोजच्या रोज वाढत नाहीत.

पैसे रोख, चेकने किंवा फोनवरून भरता येतील. फोनवरून भरणाऱ्यांनी ऑफिसच्या खिडकीवर लावलेला क्यूआर कोडच स्कॅन करावा. व्हॉट्सअ‍ॅपवर कोणी नंबर किंवा कोड पाठवून फी मागितली तर पैसे पाठवू नका, आधी ऑफिसला फोन करा. पैसे गेल्यावर मुलाचं नाव, इयत्ता आणि तुकडी सांगून छापील पावती घ्या. फोनमधला फोटो पावती म्हणून धरला जाणार नाही.

खिडकी सोमवार ते शनिवार सकाळी ८ ते दुपारी १ उघडी असते, दिवाळीच्या सुट्टीत बंद राहील. सातपूर-अंबडला पाळीवर जाणाऱ्या पालकांसाठी रविवार, ९ नोव्हेंबरलाही सकाळी ९ ते १२ फी घेतली जाईल.

आरटीईच्या २५ टक्के जागांवर प्रवेश मिळालेल्या मुलांना ही फी नाही. त्यांच्या पालकांनी रांगेत उभं राहू नये. आणि फी राहिली म्हणून कोणत्याही मुलाला वर्गाबाहेर काढलं जाणार नाही की वर्गात सर्वांसमोर नाव घेतलं जाणार नाही. बोलायचं ते पालकांशी बोलू.

सुट्ट्या

दसरा आणि गांधी जयंती यंदा एकाच दिवशी, गुरुवारी २ ऑक्टोबरला आहे. शुक्रवारी ३ तारखेला शाळा भरेल.

दिवाळीची सुट्टी गुरुवार, १६ ऑक्टोबर ते रविवार, २ नोव्हेंबर. सोमवारी ३ नोव्हेंबरला शाळा नेहमीच्या वेळेला सुरू होईल. १५ ऑक्टोबरला शेवटचा पेपर आहे, त्यामुळे गावी जायचं तिकीट त्याच्या आधीचं काढू नये. पेपर चुकला तर पुन्हा घेतला जात नाही, आजारपण असेल तरच, आणि तेही डॉक्टरांची चिठ्ठी आणली तर.

त्यानंतर ५ नोव्हेंबर गुरुनानक जयंती, २५ डिसेंबर नाताळ आणि १४ जानेवारी संक्रांत, एवढ्या सुट्ट्या. २६ जानेवारीला झेंडावंदनासाठी सकाळी सव्वासातला सगळ्यांनी पूर्ण गणवेशात यायचं आहे, त्या दिवशी सुट्टी समजू नये.

गणवेश

३ नोव्हेंबरपासून गणवेश रोज पाहिला जाईल. मुलांना राखाडी पँट आणि पांढरा शर्ट, मुलींना राखाडी स्कर्ट किंवा सलवार-कमीज, दोन्हींपैकी घरी जे ठीक वाटेल ते. काळे बूट, पांढरे मोजे. मंगळवारी आणि शुक्रवारी पीटीचा ड्रेस आणि पांढरे कॅनव्हासचे बूट. थंडीत स्वेटर गडद निळाच हवा, पण आजीने विणलेला असला तरी हरकत नाही, बाजारातलाच पाहिजे असं नाही.

कापड किंवा तयार कपडे कोणत्याही दुकानातून घ्या, शाळेचं ठरलेलं दुकान नाही. मोठ्या भावाबहिणीचा गणवेश चालेल. नवीन शिवणार असाल तर शिंप्याला पँटच्या खाली चार बोटं कापड आत दुमडून ठेवायला सांगा. आठवी-नववीची मुलं सहा महिन्यांत उंच होतात आणि मग घोटे दिसतात म्हणून तक्रारी येतात.

मुलींचे केस खांद्याखाली असतील तर दोन वेण्या, काळ्या रिबिनी. दिवाळीतली मेंदी असू द्या, ती जाईपर्यंत कोणी ओरडणार नाही. पण काचेच्या बांगड्या घालून पाठवू नका, मैदानावर पडल्यावर हात कापतो. सोन्याचं काहीही नको, हरवलं तर शाळा जबाबदार राहणार नाही.

बूट फाटले किंवा गणवेश धुऊन वाळला नाही तर त्या दिवशी डायरीत एक ओळ लिहून सही करा. मुलाला शिक्षा होणार नाही.

वाचल्यावर मुलाच्या डायरीत आजच्या पानावर सही करून मंगळवार, ३० सप्टेंबरपर्यंत पाठवा. सही येत नसेल तर अंगठा चालेल. काही समजलं नाही तर शाळा सुटताना फाटकाजवळ वर्गशिक्षकांना विचारा, सगळे शिक्षक मराठीत बोलतात.

मुख्याध्यापिकांच्या आदेशावरून,
शाळा कार्यालय, नाशिक