पांढऱ्या कुर्त्याबद्दल ऑर्डरआधी थोडं विचारायचंय

नमस्कार,

तुमचा पांढरा, पूर्ण बाह्यांचा, स्टँड कॉलरचा कुर्ता अण्णांसाठी घ्यायचा आहे. साईज ४४. फोटो छान आहेत, पण कापडाबद्दल गोंधळ आहे. वर नावात ‘प्युअर कॉटन’ लिहिलंय आणि खाली माहितीत ‘कॉटन ब्लेंड’. यातलं खरं कुठलं? ब्लेंड असेल तर त्यात पॉलिस्टर आहे की व्हिस्कोस, आणि किती टक्के, तेवढं सांगा. सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला ऐकून माहीत असेलच. पॉलिस्टर असलं की अण्णांच्या पाठीला घामोळं येतं, मग तो कुर्ता कपाटातच राहतो.

कुर्त्यावरच्या आतल्या लेबलचा जवळून फोटो पाठवता आला तर बरं. कापडाची एखादी चिंधी पोस्टाने पाठवत असाल तर फारच उत्तम, खर्च मी देईन. अण्णांनी पस्तीस वर्षं पूर्व भागात यंत्रमागावर चादरी आणि टॉवेल काढलेत. ते चिंधीतला धागा ओढून काडी लावतात. कागदासारखा जळून राख झाली तर ठीक, वितळून टोकाला गोळी झाली की पॉलिस्टर. मोबाईलवर त्यांना हे करता येत नाही, म्हणून चिडचिड माझ्यावर!

दुसरं वजनाचं. तुम्ही ‘वजन ३०० ग्रॅम’ दिलंय, ते बहुतेक पार्सलचं असावं. मला कापडाचं जीएसएम हवंय. साधारण ११० ते १३० असेल तर आम्हाला चालेल. त्याहून पातळ असलं तर पांढऱ्यातून आतलं बनियन दिसतं, आणि जाड असलं तर मे महिन्यात अंगावर ठेववत नाही.

आता मुख्य मुद्दा, आटण्याचा. मागच्या वर्षी एका ठिकाणाहून मागवलेला कुर्ता पहिल्याच धुण्यात इतका आटला की बाह्या मनगटाच्या वर गेल्या. त्यांनी धुतलेला माल परत घेतला नाही. तुमचं कापड शिवण्याआधी धुऊन किंवा सॅनफोराईज करून घेतलेलं आहे का? नसेल तर लांबीत किती टक्के आटतं? तुमच्या मापात लांबी ४२ इंच आहे. ५ टक्के आटलं तरी दोन इंच गेले, म्हणजे मला ४४ लांबीचाच शोधावा लागेल. आणि हे ४२ धुण्याआधीचं माप की नंतरचं? कॉलरच्या आतलं बकरम कापडाबरोबर आटत नसेल तर धुतल्यावर फुगे येतात, तेही एकदा बघून सांगा.

आमच्याकडे कपडे रात्रभर साबणात भिजवून हाताने धुतात आणि कडक उन्हात वाळत घालतात. मशीन नाही, त्यामुळे ‘ड्रायक्लीन ओन्ली’ असेल तर आत्ताच सांगा.

उत्तरं पटली तर एक नाही, दोन घेईन. दुसरा बदामी रंगाचा, कापड तेच असेल तर.

सुनीता, सोलापूर