आठवड्याच्या आराखड्याबद्दल ओंकारला पत्र

प्रिय ओंकार,

परवा फोनवर म्हणालास, "ताई, वेळापत्रक करतो आणि तिसऱ्या दिवशी ते कोलमडतं." तेव्हा घाईत नीट बोलता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

दिवसाचं वेळापत्रक कोलमडणारच रे. पाहुणे येतात, डोकं दुखतं, एखादं प्रकरण अपेक्षेपेक्षा जड जातं. दिवसाला तेवढी जागाच नसते. आठवड्याला असते. म्हणून मी आता तासांची आखणी करत नाही, आठवड्यात काय काय हातावेगळं करायचं ते रविवारी संध्याकाळी एका पानावर लिहिते आणि मग ते वारांत वाटते. शनिवारची दुपार मुद्दाम मोकळी सोडते. राहिलेलं सगळं तिथे जातं, त्यामुळे मंगळवार बुडाला तरी जीव खालीवर होत नाही.

पण खरा फरक पडला तो लिहिण्याच्या पद्धतीने. "गणित, दोन तास" असं लिहिलं की पुस्तक उघडं ठेवूनही दोन तास जातात. त्याऐवजी मी लिहिते: "पायथागोरसच्या प्रमेयाची सिद्धता, आकृतीसह, न बघता." मग झालं की नाही याचं उत्तर हो किंवा नाही, एवढंच उरतं. आणि सिद्धता मध्येच अडली, तर नेमकी कुठल्या पायरीवर अडली तेही कळतं. नुसतं वाचताना सगळं येतंय असंच वाटतं, आणि तो भास परीक्षेच्या हॉलमध्येच उतरतो.

दुसरी गोष्ट उजळणीची. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरसमूह पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि 1885 साली ते प्रसिद्ध केले. पाठ केलेलं सुरुवातीलाच भराभर विसरतं, पुढे विसरण्याचा वेग मंदावतो, असं त्याला दिसलं. म्हणून सोमवारी शिकलेला धडा मी गुरुवारी कोऱ्या कागदावर आठवून लिहिते आणि पुढच्या आठवड्याच्या पानावर त्याला पुन्हा एक ओळ देते. यासाठी नवा भाग थोडा कमी घ्यावा लागतो. घे कमी. माझ्या मते हा सौदा फायद्याचाच आहे, कारण परीक्षेच्या आदल्या रात्री सगळं पहिल्यापासून काढावं लागत नाही. चाचणीच्या आधी मी वेळेवर झोपते, हे आईलाही नवलच वाटतं.

विषयांचे रंग, चौकटी, सुंदर तक्ते यांत वेळ घालवू नकोस. वहीचं मागचं पान पुरे.

एक मात्र नक्की कर: सलग दोन शनिवारी तीच ओळ उरली, तर ती तिसऱ्या आठवड्यात तशीच ढकलू नकोस. काम मोठं असेल तर तुकडे पाड, समजत नसेल तर सरांना विचार. माझी रसायनशास्त्राची समीकरणं अशीच सुटली, आधी संयुजा पक्क्या केल्या तेव्हा.

या रविवारी तुझं पान तयार झालं की फोटो पाठव. ओळी जास्त झाल्या असतील तर आपण दोघं मिळून कापू. मावशी-काकांना नमस्कार.

तुझी,
मृण्मयीताई