क्लेम फाइलमधील नोंदी: हाताळणाऱ्यांसाठी सूचना

नोंद त्याच दिवशी करा. तारीख, वेळ आणि आपलं नाव हवंच. ‘कागद पाहिले, क्लेम नामंजूर’ एवढ्यावरून ऑडिटरला काहीच कळत नाही. कोणता कागद पाहिला, पॉलिसीचं कोणतं कलम लावलं आणि का, हे लिहा. उदाहरणार्थ: ‘सर्व्हेअरच्या अहवालानुसार पाणी छताच्या जुन्या गळतीतून आलं, हळूहळू होणारी झीज कलम 4.2 नुसार वगळलेली, म्हणून छताचा खर्च नामंजूर. भिजलेल्या सामानाचा मंजूर.’

फोनवर ग्राहक काय बोलला ते त्याच्याच शब्दांत. आपला अंदाज वेगळा, अंदाज म्हणूनच. ‘संशयास्पद वाटतो’ असले शेरे नकोत, वाद झाला तर हीच फाइल ग्राहकाचा वकील वाचतो. चूक झाल्यास जुनी नोंद खोडू नका, खाली दुरुस्तीची नवी नोंद टाका.