काकांसाठी : बोलून फोन उचलायचा आणि लावायचा कसा

काका, हे मी रेकॉर्डही करून ठेवलंय. काही अडलं तर पुन्हा ऐका.

आधी फोन उचलणं. रिंग वाजली की फोन स्वतःच नाव सांगेल. नाव ओळखीचं असलं तर म्हणा, "हे गूगल, आन्सर द कॉल." ही एवढी आज्ञा इंग्रजीतच द्या. मराठीत सांगितलं तर कधी समजतं, कधी नाही, आणि तेवढ्यात रिंग संपून जाते. नको असेल तर "हे गूगल, रिजेक्ट द कॉल."

अडचण एकच, रिंगच्या गोंगाटात फोनला तुमचं बोलणं नीट ऐकू येत नाही. फोनच्या कडेला जे लांबट बटण आहे ना, आवाज कमी-जास्त करायचं, ते एकदा दाबा. रिंग गप्प होईल, पण फोन कट होणार नाही, समोरच्याला रिंग जातच राहील. मग शांतपणे आज्ञा द्या. ओरडायची गरज नाही. ओरडलं की उलट आवाज बदलतो आणि फोन ओळखत नाही, कारण त्याला आपण तुमचा रोजचा आवाज शिकवलाय.

एवढं करूनही दाद देत नसेल तर स्क्रीनवर कुठेही दोन बोटं एकदम, दोनदा टकटक करा. स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं टॉकबॅक चालू आहे, त्यामुळे फोन उचलला जाईल. त्यासाठी बटण शोधावं लागत नाही.

बोलणं संपलं की फोन ठेवायला मात्र बोलून चालणार नाही. कॉल चालू असताना फोन "हे गूगल" ऐकत नाही. कडेचं छोटं बटण, ज्याने स्क्रीन बंद होते, ते दाबा, कॉल संपेल. समोरच्याने ठेवला असेल तर काहीच करायचं नाही. शंका आली तरी बटण दाबून टाका. म्हणजे लाइन चालू राहिली नाही याची खात्री.

आता लावणं. "हे गूगल" म्हणा आणि टुण् असा आवाज येईपर्यंत थांबा. बहुतेकांची गडबड इथेच होते. एका दमात सगळं बोललं की सुरुवातीचा शब्द निसटतो. आवाज आला की म्हणा, "कॉल सुनीता." फोन नाव परत उच्चारेल आणि लावेल. भलतंच नाव ऐकू आलं तर लगेच तेच छोटं बटण दाबा. कुणाला रिंग गेलीच तर जाऊ दे, "चुकून लागला" म्हटलं की झालं.

तुमच्या यादीत दोन पाटील होते. त्यातल्या एकाला आता "पाटील बँक" आणि दुसऱ्याला "पाटील संघ" असं नाव दिलंय. "कॉल पाटील" म्हणालात तर फोन विचारत बसेल, कोणते पाटील? तेव्हा पूर्ण नाव घ्या. डॉक्टरांचं नाव मी नुसतं "डॉक्टर" ठेवलंय, घाईत आठवायला नको. यादीत नसलेला नंबर लावायचा असेल तर "कॉल" म्हणून एकेक आकडा सावकाश सांगा. "अठ्ठ्याण्णव बावीस" अशी जोडी करू नका.

फोन तुमच्याऐवजी आपोआप उचलला जाईल अशीही सोय असते. ती मी मुद्दाम लावली नाही. कुणीही फोन केला की घरातलं बोलणं त्याला ऐकू जाणार, हे मला पटत नाही. फोनने नावाऐवजी नुसता नंबर सांगितला आणि समोरचा पेन्शनचं किंवा खात्याचं काही विचारू लागला, तर बटण दाबून मोकळे व्हा. ओटीपी कुणालाही नाही.

बोलून फोन लावायला इंटरनेट लागतं. "हे गूगल"ला काहीच उत्तर आलं नाही तर बहुधा नेट गेलेलं असतं. तेव्हा काकूंना सांगा.

आणि काकूंसाठी : फोनच्या सेटिंगमध्ये कुणी हात घातला आणि नाव सांगणं बंद झालं, तर फोन अॅपच्या सेटिंगमध्ये Caller ID announcement शोधून Always करा. बटणाने कॉल संपत नसेल तर Accessibility मध्ये Power button ends call चालू करा. काकांना सर्दी झाली आणि फोन आवाज ओळखेना, तर तेवढे दिवस दोन बोटांची टकटक वापरा. सर्दी असताना आवाज पुन्हा शिकवू नका.