नववी क विजेते. दहावीचा हुकमी चढाईपटू लॉबीत फसला

आमच्या वार्ताहराकडून (आठवी अ)

कबड्डी दिनानिमित्त, म्हणजे बुवा साळवींच्या जन्मदिनी, १५ जुलैला ठरलेली आंतरवर्ग स्पर्धेची फायनल पावसाने दोन दिवस लांबवली. शनिवारी उघडीप मिळाली आणि नववी क ने दहावी ब ला २८-२६ असं हरवलं. मध्यंतराला दहावी नऊ गुणांनी पुढे होती. तेव्हा मागच्या बाकावरची अर्धी मुलं दप्तरं उचलून घरी निघाली होती. सोमवारी ती सगळ्यांना विचारत फिरत होती, झालं तरी काय म्हणून.

पहिल्या हाफमध्ये मैदान दहावीच्या सात नंबरचं होतं. लांब पाय आणि त्याहून लांब हात. बोनस घेऊन परतताना कुणाला तरी बोट लावूनच यायचा. नववीचा डावा कोपरा सांभाळणारा चार नंबर त्याच्या निम्म्या उंचीचा. घोटा दिसला की हा झेप टाकायचा आणि सात नंबर त्याला चिखलात ओढत मध्यरेषेपर्यंत न्यायचा. असं दोनदा झालं. लोण बसला तेव्हा नववीच्या बाकावर कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

दुसऱ्या हाफच्या सुरुवातीलाही नववीचे तिघंच उरले होते. दुसरा लोण समोर दिसत होता. सात नंबर आला आणि सवयीने डाव्या कोपऱ्याला पाय दाखवला. चार नंबर हललाच नाही. उलट एक पाऊल मागे सरकला. सात नंबर मग उजवीकडे वळला, तिथे हात फिरवला, काही लागलं नाही आणि परतायला पाठ फिरवली. तेवढ्यासाठीच चार नंबर थांबला होता. मागचा पाय जमिनीवरून सुटायच्या आत त्याने दोन्ही हातांनी घोटा धरला, बाकीचे दोघं कमरेवर पडले आणि चौघांचा एकच ढीग झाला. तिघांत केलेली पकड म्हणजे अव्वल पकड. दोन गुण तर मिळालेच, पण सात नंबर बाहेर बसला याचं मोल जास्त.

त्याला आत आणायला दहावीला एक तरी गुण हवा होता. तोच मिळेना. त्यांचे बाकीचे चढाईपटू मध्यरेषेपासून फार लांब जायला तयार नव्हते आणि तिसऱ्या चढाईला नाइलाजाने आत शिरले की पकडले जायचे. तिकडे नववीचा दोन नंबर एकेक करून मैदान रिकामं करत गेला. लोण परत फिरला आणि बरोबरी झाली.

यानंतर दहावीने जी चूक केली, ती आम्हाला (उपांत्य फेरीत त्यांच्याकडून मार खाल्लेल्यांना) अजून पटत नाही. दोन नंबर पाय टाकून सहज परत निघाला होता. कुणाला लागलं नव्हतं. दहावीचा उजवा कोपरा उगाच त्याच्यामागे धावला आणि स्पर्श व्हायच्या आधीच लॉबीत गेला. झटापट झाल्याशिवाय लॉबी खुली होत नाही. कोपरा बाद. नववीला फुकटचा गुण आणि पहिल्यांदाच आघाडी.

दोन्हीकडून गुणांची देवघेव झाली, तरी ती एका गुणाची आघाडी टिकली. शेवटची चढाई, अर्थातच सात नंबरची. पुन्हा डावा कोपरा. चवडा पुढे आला, चार नंबरने पाय काढून घेतला. मधली साखळी अंगावर आली तसा सात नंबर तिला हुलकावणी देऊन कडेने सुसाट सुटला आणि मध्यरेषा ओलांडून हात वर केले. दहावीची पोरं मैदानात नाचायला धावली. चार नंबर मात्र लॉबीच्या रेघेवर, अंगठे आत ठेवून, जागच्या जागी थांबला होता आणि खाली बोट दाखवत होता.

पंचांनी शिट्टी वाजवली. कुणालाही न शिवता सात नंबर लॉबीतून पळाला होता. दहावीच्या कर्णधाराने हुज्जत घातली, पण चुन्याच्या रेघेपलीकडे ओल्या मातीत अख्खा पंजा उमटला होता, पाचही बोटांसकट. तो बघितल्यावर सात नंबरच कर्णधाराला म्हणाला, “राहू दे, गेलाय पाय.”

सामन्यानंतर चार नंबरला विचारलं, तेव्हा तो गुडघ्यावरचा चिखल खरवडत होता. “घोटा दिसला की हात आपोआप जायचा. सर मध्यंतरात म्हणाले, त्याला आधी पाठ फिरवू दे. मग काय, बसलो वाट बघत.”

तालुका स्पर्धेसाठी शाळेचा संघ याच सामन्यावरून निवडला आहे. सराव बुधवारपासून, शाळा सुटल्यावर. चार नंबर आणि सात नंबर दोघंही त्यात आहेत.